खाज थांबली, मग चट्टा का वाढला?

*पावसाला सुरुवात झाली तेव्हा माझ्या मिस्टरांच्या कमरेपाशी खाजरे लाल चट्टे उठले. ते कामावर होते म्हणून मीच मोबाईलवर फोटो काढून गावातल्या फार्मसीत गेले आणि एखादं चांगलं क्रीम मागितलं. तिथल्या मॅडमनी खूप प्रश्न विचारले आणि शेवटी म्हणाल्या, "हे काय आहे ते कळल्याशिवाय मी क्रीम निवडू शकत नाही. त्यांना डॉक्टरांना दाखवा." मला राग आला. शेजारणीने एका ट्यूबचं नाव सांगितलं होतं, ती दुसऱ्या दुकानातून आणली. तीन दिवसांत खाज गेली! पण लावणं थांबवलं की आठवड्याभरात परत येतं, असं दोन-तीनदा झालं. आता चट्टे मांडीपर्यंत पसरलेत आणि आमच्या सहा वर्षांच्या मुलीच्या दंडावरही एक गोल उठलाय. इस्पितळात जायचं तर मिस्टरांचा एक दिवस मोडतो. चवथ जवळ आलीय, घर पाहुण्यांनी भरणार. ट्यूब लागू पडतेय, तर मोठी ट्यूब आणून नेमाने लावावी का? मुलीला लावली तर चालेल का? आणि त्या मॅडमना एक साधं क्रीम द्यायला काय हरकत होती?*

*– सत्तरीतील एक वाचक*

ताई,

मुलीच्या दंडाला ती ट्यूब लावू नका आणि मोठी ट्यूबही आणू नका. एवढं आधी सांगून ठेवते. बाकीचं सावकाश बोलू.

मी स्वतः फार्मसिस्ट आहे. फोंड्याच्या आमच्या फार्मसीत पावसाळ्यात असा एकही दिवस जात नाही, ज्या दिवशी कोणी फोटो दाखवून "ह्याच्यावर काहीतरी दे" म्हणत नाही. त्यामुळे काउंटरच्या अलीकडून तुम्हाला काय वाटलं असेल आणि पलीकडून त्या मॅडमना काय दिसत असेल, दोन्ही मला कळतं. तुमच्या पत्राच्या मुळाशी एक समजूत आहे. खाज गेली, म्हणजे औषध बरोबर होतं. बहुतेक सगळे असंच समजतात. कातडीच्या बाबतीत मात्र ही समजूत फसवते. कशी, ते त्या ट्यूबवरूनच दाखवते.

ट्यूबचं खोकं शोधा आणि मोठ्या अक्षरांतल्या नावाखाली बारीक अक्षरांत जे लिहिलेलं असतं ते वाचा. शेजारपाजारच्या सांगण्यावरून येणाऱ्या आणि दोन-तीन दिवसांत खाज घालवणाऱ्या ट्यूबवर बहुतेक वेळा एक नाही, तीन-चार औषधांची नावं असतात. त्यांत एक बुरशीचं औषध असतं, टर्बिनाफिन, क्लोट्रिमॅझोल किंवा मायकोनॅझोल. एक-दोन जंतूंवरची औषधं असतात, ऑफ्लॉक्सासिन, निओमायसिन किंवा जेंटामायसिन. आणि एक स्टिरॉइड असतं. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, ह्यांतलं कुठलंही नाव दिसलं तर ते स्टिरॉइड आहे. क्लोबेटासोल तर कातडीवर लावायच्या स्टिरॉइडांत सगळ्यात जोरकस वर्गातलं. तुमची खाज तीन दिवसांत घालवली ती जवळजवळ नक्कीच ह्या शेवटच्या घटकाने.

स्टिरॉइड आजाराचं कारण शोधत नाही. कातडीवर काहीही झालं, बुरशी वाढली, किडा शिरला, बेल्टच्या बकलाची ॲलर्जी आली, तरी शरीर तिथे रक्त वाढवतं, सूज आणतं, खाज आणतं. स्टिरॉइड ही प्रतिक्रिया दाबतं. कारण ॲलर्जीचं असेल तर प्रतिक्रिया हाच आजार असतो, म्हणून तिथे योग्य ताकदीचं स्टिरॉइड थोडे दिवस देणं हा खरा उपचार ठरतो. पण कारण बुरशी असेल तर चोर घरात असताना भुंकणाऱ्या कुत्र्याचं तोंड बांधल्यासारखं होतं. घर शांत होतं आणि चोराला मोकळं रान मिळतं.

गजकर्णाची बुरशी कातडीच्या अगदी वरच्या, मेलेल्या थरात राहते आणि तोच थर खाते. ती मधून बाहेरच्या बाजूला सरकते, म्हणून गोल तयार होतो. कड उचललेली, खवल्यांची, आणि मधला भाग बराचसा निवळलेला. ही कड म्हणजे शरीर जिथे बुरशीशी झुंजतंय ती जागा. स्टिरॉइड लावलं की कड बसते, लाली उतरते, खाज जाते आणि आपण म्हणतो, बरं झालं. बुरशी तिथेच असते. लावणं थांबवलं की प्रतिक्रिया परत उसळते, आणि तोवर बुरशीने आणखी जागा घेतलेली असते, म्हणून प्रत्येक वेळी चट्टा आधीपेक्षा मोठा दिसतो. तुम्ही लिहिलेला क्रम असाच आहे. असं बरेच दिवस चाललं की चट्ट्याचं रूपच बदलतं. कड पुसट होते, गोलात गोल दिसतात, कधी बारीक पुटकुळ्या येतात, आणि मुरलेल्या त्वचारोगतज्ज्ञालाही पाहताक्षणी ओळखता येत नाही. डॉक्टर ह्याला 'टिनिया इन्कॉग्निटो' म्हणतात, म्हणजे ओळख लपवलेलं गजकर्ण.

तुम्ही विचाराल, त्याच ट्यूबमध्ये बुरशीचं औषधही आहे ना, मग ते काय करतं? त्याला पुरते दिवसच मिळत नाहीत. बुरशीच्या औषधाला काही आठवडे लागतात आणि स्टिरॉइड खाज तिसऱ्याच दिवशी घालवतं. खाज गेली की कोणीही लावणं थांबवतं. म्हणजे बुरशीच्या वाट्याला औषध आलं तीन दिवस. आणि थांबवायचंच नाही, नेमाने महिनाभर लावायचं म्हटलं, तर स्टिरॉइडही महिनाभर लागणार. क्लोबेटासोलसारखं औषध सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त लावायचं नसतं, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. मांडीचा सांधा, काख अशा घडीच्या जागी कातडी पातळ असते, घाम कोंडलेला असतो, तिथे ते जास्त मुरतं. मग कातडी कागदासारखी पातळ होते, आणि गरोदरपणात पोटावर उठतात तसे जांभळट पट्टे मांडीच्या आत उठतात. ते पट्टे फिकट होतात, पण जात नाहीत. पंचविशीच्या आतल्या पोरांच्या मांड्यांवर मी असे पट्टे पाहिले आहेत, आणि त्यांच्या हातात असायची एखाद्या मित्राने सुचवलेली ट्यूब. लहान मुलाची कातडी तर आणखी पातळ. मुलीला लावू नका असं सुरुवातीलाच म्हटलं ते ह्यासाठी.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर, मोठी ट्यूब नेमाने लावली तरी ह्यातून सुटका होणार नाही.

आता त्या मॅडमकडे येऊ. त्यांनी काय काय विचारलं ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण मी तिथे असते तर काय विचारलं असतं ते मला माहीत आहे. प्रश्नांची उत्तरं क्रीम कसं बदलतात हे कळावं म्हणून माझ्या काउंटरवरचं एक बोलणं सांगते.

अशाच पावसात एक काकी आल्या. छत्री दाराशी टेकवली, पदराने चेहरा पुसला आणि म्हणाल्या, "बाय, गजकर्णाची एक चांगली ट्यूब दे. झिलाला खाज सुटलीय."

"काकी, गजकर्ण म्हणून कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं कोणी? पावसात खाज आली म्हणजे गजकर्णच."

"कुठे कुठे आहे?"

"पोटावर, कमरेला. हातालाही."

"हाताला म्हणजे नेमकं कुठे?"

काकींनी स्वतःच्या हाताची बोटं फाकवली आणि बोटांमधल्या बेचक्या दाखवल्या. मी हातातली पावती बाजूला ठेवली.

"खाज दिवसा जास्त की रात्री?"

"रात्रीच गं. दिवसा कामावर काही नसतं. रात्री डोळ्याला डोळा लागत नाही त्याच्या."

"घरात आणखी कोणाला खाज आहे?"

काकी जरा थांबल्या. "सुनेला आहे थोडी. बाळाच्या तळव्यांवर पुटकुळ्या आल्यात, मी म्हटलं घामोळं असेल."

"आणि तुम्हाला?"

त्यांनी बांगड्या वर सारल्या. मनगटावर बारीक, ओरबाडलेले ठिपके होते.

"काकी, मी तुम्हाला गजकर्णाची ट्यूब दिली असती तर तुम्ही ती झिलाच्या पोटावर लावली असती. हे गजकर्ण नसलं तर ती काहीच करणार नाही. त्यात स्टिरॉइड असलं तर खाज दबेल, तुम्हाला वाटेल बरं झालं, आणि जे आहे ते घरभर फिरत राहील."

"मग हे आहे तरी काय?"

"मला खरजेचा संशय येतो. पण मी झिलाला पाहिलेलं नाही, बाळाला पाहिलेलं नाही. संशयावर बाळाला औषध लावायचं नाही."

"मग खरजेचं दे ना! दोन पैसे जास्त घे."

"पैशांचं नाही काकी. खरूज असेल तर औषध एकट्या झिलाला देऊन भागणार नाही, सगळ्या घराने एकाच रात्री लावावं लागेल. बाळ किती महिन्यांचं?"

"पुढच्या आठवड्यात दोन पुरे होतील."

"एवढ्या लहान बाळाला काय लावायचं, किती वेळ ठेवायचं, हे डॉक्टरनेच बघून सांगायला हवं. उद्या सकाळी चौघंही आरोग्य केंद्रात जा. जाताना आजवर काय काय लावलं ते सांगायला विसरू नका. मी चिठ्ठी लिहून देते."

काकी खूश झाल्या नव्हत्या. पण चिठ्ठी नीट घडी करून त्यांनी पाकिटात ठेवली. डॉक्टरांनी चौघांना तपासलं आणि खरूजच निघाली. मोठ्यांसाठी परमेथ्रिन ५ टक्के क्रीम लिहून दिलं. झोपताना मानेपासून पायाच्या नखांपर्यंत सगळ्या अंगाला, चट्टा असो वा नसो, लावायचं, आठ ते चौदा तास ठेवून धुवायचं, आणि आठवड्याने पुन्हा एकदा. बाळासाठी त्यांनी वेगळं सांगितलं, कारण तान्ह्या मुलांत डोकं आणि चेहराही सोडून चालत नाही. काकी क्रीम न्यायला आल्या तेव्हा आणखी एक गोष्ट मी त्यांना बजावली. खरजेचा किडा मेला तरी खाज दोन-चार आठवडे राहू शकते. ती राहिली म्हणून औषध फुकट गेलं असं समजून रोज चोपडत बसू नका.

एक शब्द, "गजकर्ण", घेऊन त्या आल्या होत्या आणि तो शब्द चुकीचा होता. तुमच्या मिस्टरांचं खरजेचंच आहे असं मी म्हणत नाही. मुलीच्या दंडावरचा गोल बुरशीकडे बोट दाखवतो. पण हेही मी पत्र वाचून ठरवू शकत नाही, आणि त्या मॅडमनाही तुमच्या फोटोवरून ठरवता आलं नसतं. फोटोत चट्ट्याची कड हाताला उंच लागते की नाही ते कळत नाही, खवले दिसत नाहीत, ट्यूबलाइटखाली रंग बदलतो. आपल्या सावळ्या कातडीवर तर लाली लाल दिसतच नाही, तपकिरी किंवा काळपट दिसते. आणि फोटोत असते एकच जागा, तर निदान पुष्कळदा दुसऱ्याच जागी सापडतं, बोटांच्या बेचक्यांत, तळपायाला, नखांत.

कमरेचंच घ्या. तिथे पुरुषाला सुटणाऱ्या खाजेची नेहमीची तीन कारणं म्हणजे बुरशी, खरूज आणि बेल्टच्या बकलातल्या निकेलची किंवा चड्डीच्या इलॅस्टिकची ॲलर्जी. बुरशीला बुरशीचं क्रीम हवं आणि स्टिरॉइड तिथे घातक. ॲलर्जीला स्टिरॉइड हवं आणि बकल बदलायला हवं, बुरशीचं क्रीम तिथे निरुपयोगी. खरजेला परमेथ्रिन हवं, तेही सगळ्या घराला. एकाचं औषध दुसऱ्याला अपाय करतं किंवा महिनाभर वाट पाहायला लावतं. तुम्ही ज्याला "साधं क्रीम" म्हणता, तसं सगळ्यांना चालणारं क्रीम ह्यात एकही नाही. तिन्ही झाकून टाकणारं आहे, ते तुम्ही आणलंत.

नुसतं बुरशीचं, स्टिरॉइड नसलेलं क्रीम तरी द्यायचं होतं, असंही कोणी म्हणेल. त्याने अपाय कमी होतो हे खरं. पण ते अर्धवट लावून मग डॉक्टरांकडे गेलं तर तपासणीत बुरशी सापडण्याची शक्यता कमी होते. आणि गेल्या काही वर्षांत आपल्या देशात टर्बिनाफिनला न जुमानणारी बुरशी पसरली आहे. पूर्वी दोन-तीन आठवड्यांत जाणारं गजकर्ण आता महिने रेंगाळतं, पुष्कळांना पोटातून गोळ्या घ्याव्या लागतात. त्या गोळ्या कोणत्या आणि किती दिवस, हे यकृत, इतर चालू औषधं, वय पाहून ठरतं. तेव्हा गोळ्याही काउंटरवरून मागून घेऊ नका.

कायद्याचं थोडक्यात सांगते. क्लोबेटासोलसारखी स्टिरॉइड असलेली क्रीम 'शेड्यूल एच'मध्ये येतात, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. २०१८ मध्ये केंद्र सरकारने आणखी काही स्टिरॉइड मलमं ह्या यादीत घातली, ती अशाच वापराने झालेलं नुकसान पाहून. खोक्यावर उभी लाल रेघ दिसली तर तिचा अर्थ हाच. ज्यांनी तुम्हाला चिठ्ठी न मागता ट्यूब दिली त्यांनी तुमची अडचण सोडवली असं वाटलं, पण नियमाने वागल्या त्या मॅडम. निदान करण्याचा अधिकार आम्हा फार्मसिस्टना नाही, आणि मला वाटतं नसावा. कपडे बाजूला करून, चांगल्या उजेडात, सगळं अंग पाहण्याची सोय काउंटरवर नसते.

आता ह्या आठवड्यात काय करायचं ते.

ट्यूब आजपासून बंद. बंद केल्यावर चार-पाच दिवसांत चट्टे जास्त लाल होतील, खाज वाढेल. ते होणार हे घरात आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिसऱ्या रात्री मिस्टर स्वतःच ट्यूब शोधतील. तोवर कॅलामाइन लोशन लावलं तर हरकत नाही, त्याने निदान झाकलं जात नाही, पण जाण्याच्या दिवशी सकाळी काहीच लावू नका. ट्यूब चेहऱ्यावर लावलेली असली किंवा महिनोन्‌महिने रोज वापरलेली असली, तर मात्र एकदम बंद न करता लगेच डॉक्टरांना गाठा. हे इतर वाचकांसाठीही लिहितेय, कारण गोरेपणासाठी म्हणून स्टिरॉइड चेहऱ्याला चोपडणारी माणसं मला दर महिन्याला भेटतात.

मिस्टरांना आणि मुलीला एकाच दिवशी न्या, म्हणजे दिवस एकच मोडेल. आधी तुमच्या भागातलं आरोग्य केंद्र. वाळपईत तपासून तिथले डॉक्टर औषध सुरू करू शकतात, किंवा बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचा विभागात पाठवू शकतात. तिथली ओपीडी कोणत्या दिवशी, हे फोन करून विचारूनच कदंब पकडा. बरोबर तीन गोष्टी न्या. ट्यूब खोक्यासकट, ती किती दिवस आणि कुठे लावली त्याची नोंद, आणि तुमचा तो पहिला फोटो. तो फोटो आज सोन्याच्या मोलाचा आहे, ताई, कारण ट्यूब लावण्याआधीचा खरा चट्टा आता फक्त तिथेच उरलाय. ज्या फोटोवरून त्या मॅडमना क्रीम निवडता आलं नाही, तो डॉक्टरांच्या हातात, समोर माणूस असताना, फार उपयोगी पडेल.

शंका वाटली तर डॉक्टर चट्ट्याच्या कडेवरून बोथट पात्याने थोडे खवले खरवडतील, काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे थेंब टाकतील आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतील. बुरशी असेल तर तिचे धागे दिसतात. दुखत नाही, रक्त येत नाही, बहुधा त्याच दिवशी निकाल मिळतो. ट्यूब लावल्याचं सांगायला संकोचू नका. ते लपवलं तर तपासणीचाही अर्थ चुकतो.

काही वेळा मात्र इतकं थांबायचं नसतं. अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे दुखरे फोड आले तर नागीण असू शकते, तिचं औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं. नवीन गोळी सुरू केल्यावर पुरळ आलं आणि तोंडात किंवा डोळ्यांत फोड आले, तापाबरोबर दाबल्यावर न जाणारे जांभळे ठिपके उठले, चट्टा डोळ्याजवळ सरकला, तर त्याच दिवशी इस्पितळ. आणि न खाजणारा, फिकट, बधिर चट्टा असेल तर घाई नको पण टाळाटाळही नको. तो कुष्ठरोगाचा असू शकतो, आणि त्याचा उपचार सरकारी केंद्रात फुकट आणि पूर्ण बरा करणारा आहे.

चवथीपर्यंत हे सगळं जाईल का? बुरशी असेल तर नाही. पाहुणे येण्याआधी उपचार सुरू झालेला असेल, एवढं तुमच्या हातात आहे. मिस्टरांचा आणि मुलीचा टॉवेल वेगळा ठेवा. मुलगी बाबांच्या कुशीत झोपत असेल तर काही आठवडे तिची चटई वेगळी घाला. कपडे गरम पाण्यात धुवा. ह्या पावसात ते सुकत नाहीत हे मला ठाऊक आहे, म्हणून अर्धवट ओले अंगावर घालण्यापेक्षा उलटे करून कडक इस्त्री फिरवा, शिवणींवर विशेष. मिस्टरांच्या कमरेला करदोटा असेल तर तो काढा, ओलसर दोऱ्याखाली बुरशी टिकून राहते. जीन्सऐवजी सैल सुती पँट. पाहुण्यांना टॉवेल, पंचा, चादर धुतलेली द्या. माटोळी बांधायला, नैवेद्य करायला, जेवायला वाढायला कसलीच अडचण नाही.

आणि डॉक्टरांनी चिठ्ठी दिली की ती घेऊन त्याच मॅडमकडे जा. निदान लिहिलेलं असलं की त्या तुम्हाला खूप काही सांगू शकतात, जे तुमच्या फोटोवरून सांगणं त्यांना शक्य नव्हतं. बोटाच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून काढलेली एक रेघ, साधारण अर्धा ग्रॅम, मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. बुरशीचं क्रीम कडेच्या बाहेर दोनेक सेंटिमीटरपर्यंत लावायचं असतं आणि चट्टा दिसेनासा झाला तरी डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पुरे करायचे असतात. मांडीपर्यंत पसरलेल्या चट्ट्यांना महिनाभर किती ट्यूब लागतील, हा हिशोब त्यांच्याकडून आधीच करून घ्या, म्हणजे ऐन चवथीच्या दिवशी औषध संपायचं नाही.